स्पीड टेस्ट पूर्ण, तरी रात्री नऊला व्हिडिओ का अडतो?

पेण किंवा रोह्यातल्या अनेक घरांत संध्याकाळी एकच तक्रार ऐकू येते. ५० किंवा १०० एमबीपीएसची फायबर जोडणी आहे, दुपारी सगळे सुरळीत चालते. पण आठ वाजून गेले की मालिका मध्येच थांबते आणि पडद्यावर गोल चकरी फिरत राहते. ऑपरेटरला फोन केला की तो स्पीड टेस्ट करायला सांगतो. टेस्टमध्ये पूर्ण वेग दिसतो, तो म्हणतो, ‘लाइन तर ओके आहे,’ आणि विषय तिथेच संपतो. ग्राहकाला वाटते ऑपरेटर फसवतो आहे, ऑपरेटरला वाटते ग्राहकाचे वाय-फाय किंवा टीव्ही खराब आहे. प्रत्यक्षात दोघांच्याही समोरचा आकडा बहुतेक वेळा खराच असतो. फक्त तो वेगळ्या प्रश्नाचे उत्तर असतो. स्पीड टेस्ट सांगते की घरापासून जवळच्या एका सर्व्हरपर्यंत, काही सेकंदांसाठी, जास्तीत जास्त किती डेटा ओढता येतो. व्हिडिओला हवे असते ते निराळेच: तो व्हिडिओ ज्या सर्व्हरवर आहे तिथून घरापर्यंत, तासन्‌तास, थोडासाच पण न तुटता डेटा येत राहणे. या दोन्हींमध्ये जो फरक आहे, तो दिवसा दिसत नाही आणि संध्याकाळी उघडा पडतो. दोष बहुधा घराच्या तारेत नसतो, तर ऑपरेटरच्या पुढे असलेल्या, सगळ्या ग्राहकांच्या सामाईक दुव्यात असतो.

आधी स्पीड टेस्ट काय करते ते नीट पाहू. ऊक्ला कंपनीची speedtest.net ही सर्वांत जास्त वापरली जाणारी चाचणी. ती सुरू होताच आसपासच्या सर्व्हरना छोटे संदेश पाठवते आणि ज्याचे उत्तर सर्वांत लवकर येते तो सर्व्हर निवडते. हे सर्व्हर इंटरनेट कंपन्यांनी आणि ऑपरेटरांनी स्वतःच्याच नेटवर्कमध्ये बसवलेले असतात. त्यामुळे निवडला गेलेला सर्व्हर बहुतेकदा तुमच्याच ऑपरेटरचा, किंवा तो ज्याच्याकडून इंटरनेट विकत घेतो त्या मोठ्या कंपनीचा असतो. यानंतर चाचणी एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते, दहा-पंधरा सेकंद भरपूर डेटा ओढते आणि सुरुवातीचे संथ नमुने वगळून आकडा दाखवते. यात लबाडी काही नाही. तुमच्या तारेची कमाल क्षमता मोजायची असेल तर असेच मोजायला हवे. पण लक्षात घ्यायच्या तीन गोष्टी याच पद्धतीत आहेत: सर्व्हर जवळचा आहे, जोडण्या अनेक आहेत आणि वेळ थोडा आहे. पेण शहरातल्या रस्त्यावर गाडी किती वेगाने धावते हे मोजून वडखळला कोंडी आहे की नाही ते कळत नाही. हाही हिशेब तसाच आहे.

आता व्हिडिओ कुठून येतो ते पाहू. लोकप्रिय चित्रपट किंवा यूट्यूबवरचा व्हिडिओ दर वेळी अमेरिकेतून येत नाही. नेटफ्लिक्स, गुगल, अकामाई अशा कंपन्या आपल्या साहित्याच्या प्रती प्रेक्षकांच्या जवळ ठेवतात. या साठ्यांना कॅश सर्व्हर म्हणतात. नेटफ्लिक्सची ओपन कनेक्ट ही अशी व्यवस्था २०१२ मध्ये सुरू झाली. तिच्या पेट्या मोठ्या इंटरनेट कंपन्यांच्या केंद्रांत मोफत बसवल्या जातात आणि वापर कमी असताना नवे साहित्य त्यांत भरून ठेवले जाते. पण ही सोय मिळायला ऑपरेटरकडे व्हिडिओचा ठरावीक किमान वापर असावा लागतो. काहीशे घरांच्या ऑपरेटरला अशी पेटी मिळत नाही. त्याच्यासाठी जवळचा साठा म्हणजे मुंबई-नवी मुंबई. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात मोठी डेटा सेंटर आहेत, आणि नेटवर्क एकमेकांना जोडणारी निक्सी आणि डी-सिक्स यांसारखी एक्सचेंजही मुंबई परिसरात आहेत. म्हणजे देशातल्या सर्वांत समृद्ध इंटरनेट केंद्रांपैकी एक पेणच्या अगदी शेजारी आहे. तरीही तिथपर्यंतचा रस्ता कोणाचा, किती रुंद आणि किती जणांत वाटलेला, हा प्रश्न उरतोच. छोटा ऑपरेटर हा रस्ता मोठ्या कंपनीकडून ठरावीक क्षमतेने भाड्याने घेतो, आणि कधीकधी ती कंपनीसुद्धा आणखी मोठ्या कंपनीची ग्राहक असते.

एक काल्पनिक पण वास्तवाला धरून असलेला हिशेब मांडू. पेणमधल्या एका ऑपरेटरकडे ६०० घरे आहेत आणि प्रत्येकाचा प्लॅन ५० एमबीपीएसचा आहे. सगळ्यांना एकाच क्षणी पूर्ण वेग द्यायचा तर ३० जीबीपीएस लागतील. ऑपरेटरने मुंबईकडे १ जीबीपीएसचा दुवा घेतला आहे, म्हणजे तीसपट विक्री झाली. ही फसवणूक नव्हे. जगभर घरगुती इंटरनेट असेच विकले जाते, कारण सगळी घरे एकाच क्षणी पूर्ण वेग वापरत नाहीत. ट्रायने २००९ मध्ये घरगुती ग्राहकांसाठी अशा वाटणीचे १:५० हे प्रमाण घालून दिले होते, म्हणजे आपला ऑपरेटर त्याहून उदारच आहे. पण ते प्रमाण लोक पाने उघडून वाचत असतानाच्या काळातले आहे. पान उघडले की ते वाचेपर्यंत लाइन मोकळी असते. व्हिडिओ मात्र तासभर लाइन धरून ठेवतो. दुपारी ६०० पैकी ६० पडदे चालू असतात. फुल एचडी चित्रासाठी नेटफ्लिक्स ५ एमबीपीएसची शिफारस करते, तेवढे धरले तर ३०० एमबीपीएस लागतात आणि दुवा निवांत असतो. रात्री नऊला २५० पडदे चालू होतात. मागणी १,२५० एमबीपीएसची, रस्ता १,००० एमबीपीएसचा. प्रत्येक जोडणीच्या वाट्याला साधारण ४ एमबीपीएस येतात आणि ५ मागणारा व्हिडिओ अडखळू लागतो.

अशा वेळी त्या घरात कोणी स्पीड टेस्ट चालवली, आणि तिचा सर्व्हर मुंबईत त्याच दुव्यापलीकडे असला, तर काय दिसेल? गर्दीच्या दुव्यावर क्षमता साधारणपणे घरांत नव्हे, जोडण्यांत वाटली जाते. चाचणीने १६ जोडण्या उघडल्या असे धरू. आधीच्या २५० मध्ये त्या मिळवल्या की एकूण २६६ होतात आणि प्रत्येकीला सुमारे ३.८ एमबीपीएस मिळतात. चाचणीच्या सोळा जोडण्यांची बेरीज ६० एमबीपीएस होते, आणि प्लॅनची मर्यादा ५० असल्याने पडद्यावर पूर्ण ५० दिसतात. त्याच क्षणी शेजारच्या खोलीतल्या टीव्हीवरचा व्हिडिओ मात्र एकाच जोडणीवर ३.८ मध्ये गुदमरत असतो. चाचणीचा आकडा खोटा नाही; तिने गर्दीत सोळा जणांची जागा घेतली, एवढेच. सगळी ॲप एकाच जोडणीवर चालत नाहीत, आणि दुव्यावरची वाटणी इतकी नेमकीही नसते. पण दिशा हीच राहते: जास्त जोडण्या उघडणाऱ्याला गर्दी कमी जाणवते. चाचणीचा सर्व्हर ऑपरेटरच्या पेणमधल्याच केंद्रात असेल तर प्रश्न आणखी सोपा आहे. मग चाचणी गर्दीच्या दुव्यावरून जातच नाही, आणि रात्री नऊला काय किंवा पहाटे चारला काय, तेवढाच आकडा दाखवते.

आणखी एक प्रकार लक्षात घ्यायला हवा, कारण तो छोट्या ऑपरेटरांत बऱ्यापैकी आढळतो. घाऊक विक्रेते बँडविड्थ वेगवेगळ्या भागांत विकतात. सगळीकडे जाणारे साधे इंटरनेट महाग असते. गुगल, नेटफ्लिक्स, फेसबुक यांच्या मुंबईतल्या साठ्यांपर्यंतची पीअरिंग किंवा कॅश बँडविड्थ स्वस्त असते. दोन्हींना स्वतंत्र मर्यादा घातलेल्या असतात. ऑपरेटरने एका भागात कमी क्षमता घेतली तर तोच भाग संध्याकाळी भरतो आणि दुसरा मोकळाच राहतो. म्हणून काही घरांत यूट्यूब छान चालते पण क्रिकेटचे थेट प्रक्षेपण अडते, तर काही घरांत नेमके उलटे होते. स्पीड टेस्ट यांपैकी एकाच भागातून जाते, आणि तो भाग मोकळा असला की दुसऱ्यातली कोंडी तिला दिसत नाही. आपली तक्रार ‘इंटरनेट हळू आहे’ अशी न मांडता ‘अमुक सेवा अमुक वेळी अडते’ अशी मांडली तर जाणत्या ऑपरेटरला कोणता भाग तपासायचा हे लगेच कळते.

दुवा भरला की वेग आपोआप थोडासा कमी होऊन भागत नाही, तो कोसळतो. दुव्याच्या तोंडाशी पॅकेटची रांग लागते आणि रांग भरली की पुढची पॅकेट टाकून दिली जातात. डेटा पाठवणारा सर्व्हर पॅकेट हरवले की गर्दी समजून वेग खाली आणतो आणि मग हळूहळू वाढवतो. तो किती हळू वाढवतो हे एका फेरीला लागणाऱ्या वेळेवर अवलंबून असते. मॅथ्यू मॅथिस आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याचे सूत्र मांडले: एका जोडणीचा वेग फेरीच्या वेळेच्या आणि हरवलेल्या पॅकेटांच्या प्रमाणाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. आकडे घालून पाहू. पहाटे फेरीचा वेळ ५ मिलिसेकंद आणि हजारात एक पॅकेट हरवते, तर एका जोडणीला सुमारे ९० एमबीपीएस मिळू शकतात. रात्री रांगेमुळे फेरीचा वेळ ६० मिलिसेकंद झाला आणि शंभरात दोन पॅकेट हरवू लागली, तर तीच जोडणी १.७ एमबीपीएसवर येते. तार तीच, प्लॅन तोच, सर्व्हर तोच. गुगलने २०१६ मध्ये आणलेल्या बीबीआरसारख्या नव्या पद्धती हरवलेल्या पॅकेटांना इतक्या घाबरत नाहीत, त्यामुळे प्रत्येक सेवेवर परिणाम सारखा होत नाही. तरी गर्दीच्या दुव्यावर एकटी जोडणी किती असहाय होते, हे या हिशेबातून दिसते.

व्हिडिओ प्लेअर हे सांभाळण्याचा प्रयत्न करतो. तो चित्रपटाचे काही सेकंदांचे तुकडे मागवतो, थोडा साठा पुढे तयार ठेवतो आणि वेग कमी वाटला की खालच्या दर्जाचा तुकडा मागतो. मग बफरिंग होतेच का? कारण प्लेअरचा अंदाज नुकत्याच आलेल्या तुकड्यांवरून बांधलेला असतो आणि गर्दीच्या दुव्यावर वेग सेकंदासेकंदाला बदलतो. त्याने मोठा तुकडा मागितला आणि तेवढ्यात वेग कोसळला तर तो तुकडा पोहोचण्याआधीच साठा संपतो. शिवाय एक तुकडा आल्यावर जोडणी थोडा वेळ स्वस्थ बसते आणि पुढच्या तुकड्यासाठी तिला अनेकदा कमी वेगापासून पुन्हा चढावे लागते. स्पीड टेस्टला हा चढ एकदाच लागतो, तोही हिशेबातून वगळला जातो. चित्रपट आणि थेट सामना यांतला फरकही इथेच आहे. चित्रपट आधीच तयार असल्याने प्लेअर बराच साठा करू शकतो. सामना घडतानाच दाखवायचा असतो, म्हणून साठा मोजक्या सेकंदांचाच ठेवता येतो. आयपीएलचा सामना साडेसातला सुरू होतो, म्हणजे दिवसाच्या सर्वांत गर्दीच्या तासांत सर्वांत कमी साठ्याचा कार्यक्रम चालतो. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्याला हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी प्रेक्षक होते. अशा दिवशी पेणच्या त्या ६०० घरांपैकी २५० नव्हे, त्याहून कितीतरी जास्त पडदे एकदम लागतात.

यावर पहिला आक्षेप वाय-फायचा असतो, आणि तो बिनबुडाचा नाही. संध्याकाळी शेजारपाजारचे सगळे राउटर चालू असतात आणि २.४ गिगाहर्ट्‌झची पट्टी गजबजते. पण मग ज्या फोनवर आणि ज्या खोलीत व्हिडिओ अडतो आहे, तिथेच, त्याच वेळी केलेल्या स्पीड टेस्टमध्येही वेग पडायला हवा. तो पडला तर दोष घरातच शोधावा आणि राउटरला तार लावून खात्री करावी. तो पडला नाही तर वाय-फाय निर्दोष आहे. फायबरच्या शेवटच्या टप्प्यालाही हेच लागू होते. जीपॉन पद्धतीत एका पोर्टचे सुमारे २.५ जीबीपीएस ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात आणि तो टप्पाही भरू शकतो. पण तो भरला तर स्पीड टेस्टही बहुधा खाली येईल, कारण चाचणीला त्याच तारेवरून जावे लागते. म्हणजे चाचणीतला पूर्ण वेग निरुपयोगी नाही. राउटरपासून ऑपरेटरच्या केंद्रापर्यंतचा टप्पा ठीक आहे याचा तो चांगला पुरावा आहे, आणि म्हणूनच दोष त्यापुढे शोधायला हवा.

दुसरा आक्षेप असा की व्हिडिओ कंपनीचाच सर्व्हर थकला असेल. तसे असेल तर त्याच वेळी तोच व्हिडिओ दुसऱ्या कंपनीच्या मोबाइल नेटवर्कवरही अडेल. तिथे तो सुरळीत चालला तर कंपनीचा सर्व्हर धडधाकट आहे. तिसरा आक्षेप सर्वांत जास्त बोलला जातो: ऑपरेटर मुद्दाम व्हिडिओ दाबतो. भारतात सेवा निवडून दाबायला मनाई आहे. ट्रायने नोव्हेंबर २०१७ मध्ये शिफारस केली, सरकारने जुलै २०१८ मध्ये ती मान्य केली आणि समान वागणुकीची अट परवान्यांत आली. नियम मोडणारे असू शकतात, पण मुद्दाम दाबलेला वेग सहसा पहाटे चारलाही दाबलेलाच राहतो. घड्याळाबरोबर येणारी आणि घड्याळाबरोबर जाणारी अडचण गर्दीची असते. मार्च २०२० मधला अनुभवही हेच सांगतो. टाळेबंदीत देशभर मागणी वाढली तेव्हा व्हिडिओ कंपन्यांनी मोबाइल नेटवर्कवरचा दर्जा ४८० पीपर्यंत खाली आणायचे ठरवले. सामाईक रस्त्यावरची एकूण मागणी कमी करणे हाच उपाय निवडला गेला.

रोहा किंवा पेण मुंबईपासून दूर आहे म्हणून असे होते, ही समजूतही तपासून पाहावी. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. शंभर किलोमीटर जाऊन परत यायला त्याला एक मिलिसेकंद पुरतो. रोह्यापर्यंतच्या अंतराने व्हिडिओ अडत नाही. अडते ते टप्प्यांमुळे: नागोठण्याच्या पुढचा ऑपरेटर पेणच्या विक्रेत्याकडून घेत असेल आणि तो पनवेलच्या कंपनीकडून, तर साखळीतला सर्वांत अरुंद दुवा सगळ्यांचा वेग ठरवतो. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतले कारखाने हाच रस्ता लीज लाइनवर घेतात. तिथे क्षमता एकट्याची असते आणि किंमतही तशीच जास्त असते. त्यांची गर्दी दिवसा होते, घरांची रात्री. केबल तुटण्याचा प्रकार वेगळाच ओळखू येतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या खोदकामात तार तुटली तर इंटरनेट अचानक, कोणत्याही वेळी बंद पडते. पण वाहतूक कमी क्षमतेच्या राखीव मार्गावर वळवली गेली, तर दुरुस्ती होईपर्यंत दिवसा बरे आणि संध्याकाळी वाईट असे दिसू शकते.

मग आपल्या घरात नेमके काय घडते आहे हे कसे ओळखायचे? एकच चाचणी नव्हे, एकाच जागी उभे राहून तीन वेळांची तुलना करावी: पहाटे, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास. आधी speedtest.net वर आपोआप निवडलेल्या सर्व्हरवर चाचणी करावी. मग तिथेच सर्व्हर बदलून चेन्नई किंवा दिल्लीचा घ्यावा आणि जोडण्यांची निवड Multi वरून Single करावी. शेवटी fast.com उघडावे; ही नेटफ्लिक्सची चाचणी मे २०१६ पासून आहे आणि ती नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या सर्व्हरवरूनच डेटा ओढते, म्हणजे व्हिडिओचाच रस्ता मोजते. तिथे ‘Show more info’ निवडल्यावर मोकळ्या आणि भरलेल्या लाइनचा विलंब दिसतो. पहिल्या चाचणीचा आकडा तिन्ही वेळा सारखा, पण fast.com आणि Single चा आकडा फक्त रात्री पडत असेल, तर सामाईक दुवा भरतो आहे. यूट्यूबवर संगणकाने पाहत असाल तर व्हिडिओवर उजवी क्लिक करून ‘Stats for nerds’ निवडावे. त्यातला ‘Buffer Health’ हा तयार साठ्याचा आकडा रात्री शून्याकडे झुकत असेल तर प्लेअरला पुरेसा डेटा मिळत नाही. विंडोजच्या संगणकावर पुढच्या दोन आज्ञा द्याव्यात:

```
ping -n 100 8.8.8.8
tracert -d 8.8.8.8
```

पहिली आज्ञा शंभर पॅकेटांपैकी किती हरवली आणि फेरीला सरासरी किती वेळ लागला ते सांगते. रात्री नुकसान एक-दोन टक्क्यांवर आणि वेळ पहाटेच्या कितीतरी पटीने गेला तर कोंडी स्पष्ट आहे. दुसरी आज्ञा रस्त्यातला एकेक टप्पा दाखवते. इथे एक चूक बरेच जण करतात: मधल्या एखाद्याच टप्प्यावर मोठा विलंब दिसला की तिथेच दोष आहे असे मानतात. मधली यंत्रे अशा संदेशांना कमी महत्त्व देऊन उशिरा उत्तर देऊ शकतात. विलंब ज्या टप्प्यावर वाढतो आणि तिथून शेवटपर्यंत वाढलेलाच राहतो, तो टप्पाच संशयास्पद असतो. शिवाय हा रस्ता गुगलकडे जाणारा आहे. दुसऱ्या सेवेचा रस्ता वेगळा असू शकतो, म्हणून fast.com चा आकडा सोबत ठेवावा. फोनवर किंवा राउटरवर कोणी 1.1.1.1 हे डीएनएस लावले असेल तर ते काढून ऑपरेटरचेच लावून पाहावे. काही सेवा डीएनएस कुठला आहे यावरून साठा निवडतात आणि ते डीएनएस ग्राहकाच्या पत्त्याचा भाग पुढे कळवत नाही, त्यामुळे कधीकधी दूरचा साठा हाती येतो. व्हीपीएन लावल्यावर व्हिडिओ सुरळीत झाला तर त्यावरून मुद्दाम दाबल्याचे सिद्ध होत नाही. रस्ता बदलला आणि नवा रस्ता मोकळा आहे, एवढेच सिद्ध होते.

यातून पैशांबद्दलही एक निष्कर्ष निघतो. अडचण पुढच्या दुव्यात असताना ५० चा प्लॅन सोडून २०० चा घेतला तर स्पीड टेस्टचा आकडा वाढेल, व्हिडिओ सुधारणार नाही. नेटफ्लिक्सच्या शिफारशीप्रमाणे फुल एचडीला ५ आणि फोर-केला १५ एमबीपीएस लागतात. घरात तीन पडदे असले तरी ५० पुरेसे आहेत. अशा वेळी महाग प्लॅनपेक्षा वेगळ्या घाऊक कंपनीकडून इंटरनेट घेणारा ऑपरेटर जास्त उपयोगी पडतो, आणि तो खरेच वेगळा आहे का ते त्याचा ग्राहक असलेल्या शेजाऱ्याच्या घरी रात्री नऊला fast.com उघडून पाहता येते. तोवर व्हिडिओचा दर्जा हाताने ७२० पीवर आणला तर ३ एमबीपीएसमध्ये भागते. चित्र थोडे मऊ दिसते पण थांबत नाही.

नियमांची भाषा वाचली की हा घोळ किती जुना आहे ते कळते. ट्रायच्या २००६ च्या ब्रॉडबँड गुणवत्ता नियमांत ग्राहकाला विकलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून जास्त वेग मिळायला हवा असे होते, पण तो मोजायचा होता ऑपरेटरच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंत. म्हणजे स्पीड टेस्ट ज्या टप्प्याला सिद्ध करते, नियमही त्याच टप्प्याचा होता. त्यापुढच्या दुव्यांसाठी वेगळा निकष होता: गर्दीच्या तासातही त्यांचा वापर ८० टक्क्यांच्या आत असावा. हे नियम आता १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या एकत्रित नियमांनी बदलले आहेत, पण तो दुसरा निकष आजही सर्वांत उपयोगी प्रश्न देतो. आपल्या ६०० घरांच्या उदाहरणात १ जीबीपीएसचा दुवा रात्री नऊला ८०० एमबीपीएसच्या वर जाता कामा नये. गेला की नवी क्षमता घ्यायची वेळ झाली. हा आकडा ग्राहकाला घरातून मोजता येत नाही, पण ऑपरेटरला त्याच्या यंत्रावर रोज दिसतो.

म्हणून तक्रार करताना नुसता स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट पाठवू नये; तो ऑपरेटरच्याच बाजूची साक्ष देतो. पहाटे, दुपारी आणि रात्री नऊला घेतलेले fast.com, Single आणि ping चे आकडे एका आठवड्याच्या तारखांसह लिहून द्यावेत, सोबत त्या वेळची पूर्ण वेगाची स्पीड टेस्टही द्यावी आणि घरापर्यंतची लाइन ठीक आहे हे आपणच मान्य करावे. मग दोन प्रश्न विचारावेत: रात्री नऊला मुंबईकडचा दुवा किती टक्के भरतो, आणि इंटरनेटची व कॅशची क्षमता वेगवेगळी किती आहे? उत्तर मिळाले नाही तर तक्रारीचा क्रमांक घेऊन कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. एकाच ऑपरेटरच्या दहा-वीस घरांनी हेच आकडे एकत्र दिले तर त्यांना वजन येते, कारण भरलेला दुवा त्या सगळ्यांचाच असतो आणि तो रुंद करण्याचा निर्णय ऑपरेटर एका घरासाठी घेत नाही.